तक्रारपत्र आणि सहा माळा

२०२५ साली ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला होती. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत माळा लागायला लागल्या, तशी अम्मी रोज विचारायची, "आपल्या कधी लागणार?" मी ऑनलाइन सहा माळा मागवल्या होत्या, १,४९४ रुपयांच्या. डिलिव्हरीची तारीख होती १ सप्टेंबर. खोकं आलं ६ तारखेच्या संध्याकाळी.

खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. दोन माळांची वायर सोलवटून आतलं तांबं दिसत होतं. त्या प्लगला लावल्याच नाहीत. विजेशी कसली पैज लावायची? तिसरी अर्धीच पेटली.

त्याच रात्री मी तक्रारपत्र लिहिलं. दोन पानं. अम्मी वाट बघत होती, सणाची मजा गेली, तुमच्यात माणुसकी नाही वगैरे. बायकोनं वाचलं आणि विचारलं, "यात ऑर्डर नंबर कुठाय?" वर्गात तारीख विसरणाऱ्या मुलांचे मी गुण कापतो!

दुसरं पत्र अर्ध्या पानात झालं. ऑर्डर नंबर, कबूल केलेली तारीख, प्रत्यक्ष आलेली तारीख, कोणत्या तीन माळा खराब आणि त्यांत नेमकं काय. सोबत पत्त्याच्या चिठ्ठीसकट चेपलेल्या खोक्याचा आणि सोललेल्या वायरचा फोटो. खोकं फेकलं नव्हतं हे बरं झालं, नाहीतर वायर आम्हीच तोडली असं म्हणायला ते मोकळे होते. शेवटी मागणी: सहाही माळा परत घ्या, पूर्ण पैसे द्या.

उत्तर आलं: तीन माळा बदलून देतो, बाकीच्या चांगल्या आहेत, पुढच्या सणाला वापरा.

इथे मी अडून बसलो. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की माल सदोष असेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. पूर, संप अशा हाताबाहेरच्या कारणानं उशीर झाला तर गोष्ट वेगळी. म्हणजे धड असलेल्या तीन माळाही उशिरामुळे परत करता येत होत्या. हे दोन ओळींत लिहून पत्र या वेळी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं त्याच नियमांत आहे. नाही दिला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाईन, हेही लिहिलं.

पोच दुसऱ्या दिवशी आली, पैसे बाराव्या दिवशी. माळा न्यायला आलेल्या पोराला अम्मीनं चहा पाजला. त्या पोराचा यात काय दोष?

पहिलं पत्र मी अजून ठेवलंय. नववीच्या वर्गात दोन्ही वाचून दाखवली. मुलांना पहिलंच जास्त आवडलं.