नळी कशासाठी, कधीपर्यंत

तोंडाचा कर्करोग हाताबाहेर गेला तरी रुग्ण बरेचदा शुद्धीवर असतो, हिशेब विचारतो, हो-नाही सांगतो. पुढच्या उपचारांचे बोलणे याच दिवसांत उरकावे. नंतर गुंगी येते आणि तेच निर्णय मुलांना कॅज्युअल्टीच्या दारात उभ्या उभ्या घ्यावे लागतात.

समजा, साताऱ्याजवळच्या गावातला साठीचा शेतकरी आहे. जबडा उघडत नाही, घास उतरत नाही. पण तो चालता-फिरता आहे, भूकही लागते. इथे नाकातून पोटात घातलेली राईल्स ट्यूब खरोखर कामाची, कारण अडथळा फक्त वाटेत आहे. महिनोन्‌महिने लागणार असेल तर पोटावर छिद्र करून बसवलेली नळी सोयीची. हाच माणूस पुढे अंथरुणाला खिळला, दिवसभर झोपून राहू लागला, भूक मेली, की गणित बदलते. आता शरीर अन्न अंगी लावून घेऊच शकत नाही. जास्त फीड दिले तर पोट फुगते, फीड घशाशी येते, कधी फुफ्फुसात उतरते. मग खोकला, ताप, घरघर. म्हणून नळी घालतानाच ती कशासाठी आणि फीड कधी थांबवायचे, हे रुग्णाला विचारून लिहून ठेवावे. घरच्यांना ‘आपण उपाशी ठेवतोय’ हा सल असतो. शेवटच्या दिवसांत भूक सहसा जाणवत नाही, तोंडाची कोरड मात्र छळते. ओल्या स्वच्छ फडक्याने ओठ-जीभ वरचेवर भिजवणे हे काम त्यांना द्यावे.

छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा. इथे हृदय थांबते ते आजार टोकाला गेल्यामुळे. फासळ्या मोडतात, आणि ठोके परत आलेच तरी पुढचे दिवस बहुधा व्हेंटिलेटरवर जातात. छाती दाबू नये असे ठरले तरी बाकीचे उपचार थांबत नाहीत, हे घरात सगळ्यांना, विशेषतः मुंबईहून धावत येणाऱ्या मुलाला, स्पष्ट सांगावे लागते.

घरीच राहायचे ठरले तर तयारी हवी: मॉर्फिन, ते नळीतून द्यायला शिकलेले माणूस, फोन उचलणारा डॉक्टर, मृत्यूचा दाखला देणारा गावचा डॉक्टर. मानेची गाठ फुटून रक्तस्राव होण्याची भीती असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवतात. लाल डाग कमी दिसतात, घाबरगुंडी कमी उडते. रात्री दोन वाजता घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली, की ठरवलेले सारे सहज मोडते.

रुग्णाचे हे निर्णय आधीच कागदावर उतरवता येतात: सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा लेखी पूर्वसूचनेला मान्यता दिली, 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयात मात्र उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. रुग्णाला निर्णय घेता येतो तोवर कागद लागूच होत नाही. तोपर्यंत त्याचे आजचे म्हणणेच धरायचे, ते कालच्यापेक्षा वेगळे असले तरी.