पाटी बदलली, पेजचे नाव का बदलेना?

व्यापारात नाव ही पतीची पहिली खूण. म्हणूनच जुनी पेढी नाव बदलण्याचा निर्णय सहजासहजी घेत नाही. अलीकडे मात्र या निर्णयानंतर एक नवी अडचण उभी राहते. दुकानावरचा नामफलक बदलतो, बिलबुके नव्याने छापून येतात. पण दुकानाच्या फेसबुक पेजवर जुनेच नाव राहते. नाव बदलण्याचा अर्ज केला, तर तो नामंजूर झाल्याची दोन ओळींची सूचना येते. कारण नीटसे कळत नाही आणि व्यापारी वैतागतो.

बीड जिल्ह्यात सहज घडू शकेल असे एक उदाहरण घेऊ. माजलगावात दोन सख्ख्या भावांची कापडाची दोन दुकाने आहेत, असे समजा. वडिलांच्या काळापासून दोन्ही दुकानांचे नाव एकच, पद्मावती वस्त्र भांडार. भाऊ विभक्त झाले, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या पॅनवर स्वतंत्र जीएसटी क्रमांक घेतला. नाव मात्र दोघांनीही तेच ठेवले. पुढे सुरतेहून आलेले गाठोडे एकाचे दुसऱ्याकडे उतरू लागले, एकाचा धनादेश दुसऱ्याच्या खात्यासाठी बँकेत येऊ लागला. शेवटी धाकट्याने थोरल्याला सांगितले, “दादा, वडिलांचे नाव तुमच्याकडेच राहू द्या, मी माझ्या दुकानाला नवे नाव घेतो.” नवे नाव ठरले नम्रता साडी सेंटर. धाकट्याच्या दुकानाचे पेज त्याच्या मुलाने काही वर्षांपूर्वी उघडले होते आणि चार हजारांवर ग्राहक त्याच्याशी जोडलेले होते. लग्नसराई तोंडावर आली होती.

मुलाने अर्ज केला, तो असा: ‘NEW Namrata Saree Centre – लग्नबस्त्याचे माहेरघर, माजलगाव, एकच भाव!!’ अर्ज नामंजूर झाला. त्याने तोच पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर आले.

या अर्जात दोन वेगवेगळे दोष आहेत. पहिला दोष नावाच्या घडणीतला. फेसबुकच्या नियमांनुसार पेजचे नाव पंचाहत्तर अक्षरचिन्हांत बसावे लागते. त्यात घोषवाक्य, लांबलचक वर्णन, विनाकारण विरामचिन्हे किंवा शब्दच्या शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिणे चालत नाही. नुसता मालाचा प्रकार किंवा नुसते गावाचे नावही पेजचे नाव होऊ शकत नाही. ‘साडी’ किंवा ‘बीड’ एवढेच लिहिले, तर त्यावरून कोणते दुकान ते कळत नाही. पत्रकावर शोभणारी ‘माहेरघर’ आणि ‘एकच भाव’ ही वाक्ये पेजच्या परिचयात लिहावीत. नावात फक्त नाव असावे.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नावबदल दिशाभूल करणारा नसावा, असा नियम आहे. ज्यांनी पद्मावती म्हणून पेजशी संबंध जोडला, त्यांच्यासमोर एके दिवशी भलतेच दुकान येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पुष्कळ अनुयायी जमवून पेज परक्याच्या नावावर करण्याचे प्रकार होत असल्याने ही काळजी अनाठायी म्हणता येत नाही. आता तपासणाऱ्याच्या जागी बसून पाहावे. जुन्या आणि नव्या नावांत एकही शब्द समान नाही. पेजवरचे छायाचित्र जुन्या फलकाचे, परिचयात जुने नाव, आणि बदलाविषयी एक ओळही नाही. दुकान तेच आहे, हे त्याने कशावरून ओळखावे? सत्य धाकट्याच्या बाजूने होते, पण ते पेजवर कुठेच दिसत नव्हते.

म्हणून अर्ज ही पहिली पायरी नसून शेवटची आहे. आरंभ कागदपत्रांपासून करावा. एकल मालकीच्या व्यवसायात जीएसटी प्रमाणपत्रावर दोन नावे असतात. कायदेशीर नाव पॅनप्रमाणे, म्हणजे मालकाचे स्वतःचे. आणि व्यापारी नाव, म्हणजे दुकानाचे. धाकट्याचे कायदेशीर नाव बदलत नाही, केवळ व्यापारी नाव बदलते. जीएसटीच्या संकेतस्थळावर ही दुरुस्ती मुख्य तपशिलांच्या दुरुस्तीत मोडते. बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत तिचा अर्ज करायचा असतो. या दुरुस्तीत जीएसटी क्रमांक तोच राहतो. नावे दोन, पण क्रमांक एक. दुकान तेच असल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. गुमास्त्याच्या कागदावर आणि बँकेतील चालू खात्यावरही नवे नाव लावून घ्यावे. एकल मालकीच्या खात्यासाठी बँक सामान्यतः व्यवसायाचे दोन पुरावे मागते, तेव्हा जीएसटी प्रमाणपत्र आणि गुमास्ता दोन्हींवर नाव अक्षरशः सारखे असावे. एकावर ‘सेंटर’ आणि दुसऱ्यावर ‘सेंटर्स’ असे झाले, तर तिथेही अडते.

मग नामफलक. महाराष्ट्रात दुकानाचा फलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. २०२२ मधील दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही हे लागू झाले. जीएसटी क्रमांकही प्रवेशद्वारावरील फलकावर लिहावा लागतो. शेजारी इंग्रजी नाव लिहायचे असेल, तर मराठी अक्षरे त्याहून लहान नसावीत आणि इंग्रजी स्पेलिंग एकदाच कायमचे ठरवावे. Saree आणि Sari असे दोन प्रकार कागदोपत्री शिरले, की प्रत्येक पडताळणीत तोच प्रश्न येतो.

त्यानंतर पेजकडे वळावे. नव्या फलकाचे दर्शनी छायाचित्र लावावे. परिचयात ‘पूर्वीचे पद्मावती वस्त्र भांडार, मालक, जागा आणि दूरध्वनी तेच’ असे लिहावे. ग्राहकांसाठी स्वतंत्र निवेदन द्यावे आणि थोरल्या भावाचे दुकान जुन्या नावाने सुरूच आहे, हेही त्यात प्रांजळपणे सांगावे. असे निवेदन तपासणाऱ्याला उपयोगी पडते आणि थोरल्याचा ग्राहक चुकून इकडे येत नाही. त्यानंतर केवळ ‘नम्रता साडी सेंटर’ एवढ्याच नावाचा अर्ज करावा. तपासणीस तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. अर्ज करणाऱ्याकडे पेजचे पूर्ण नियंत्रण हवे. अनेक ठिकाणी ते पेज उघडून देणाऱ्या भाच्याकडे किंवा छपाईवाल्याकडेच राहिलेले असते; ते आधी मागून घ्यावे.

मंजुरीनंतर सात दिवस नाव पुन्हा बदलता येत नाही, म्हणून पाठवण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचून पाहावे. नाव बदलले, तरी पेजच्या पत्त्यातले, @ चिन्हानंतरचे नाव आपोआप बदलत नाही. ते वेगळे बदलावे लागते आणि ते बदलल्यावरच नवी कार्डे छापावीत.

या मार्गालाही मर्यादा आहे. धाकट्याने साड्या सोडून खतांचे दुकान काढले असते, किंवा दुकान दुसऱ्याला विकले असते, तर पेजचा नावबदल खरोखरच दिशाभूल ठरला असता. अशा वेळी नवे पेज उघडावे आणि जुन्यावर तसे कळवावे. दोन पेजे एकत्र करण्याची सोय आहे, पण ती सारख्या नावाच्या आणि एकाच व्यवसायाच्या पेजांसाठी. त्यात अनुयायी एकत्र येतात. विलीन होणाऱ्या पेजवरील मजकूर, छायाचित्रे आणि ग्राहकांचे अभिप्राय मात्र कायमचे जातात. ज्या अभिप्रायांवर दुकानाची पत उभी आहे, ते गमावण्यापेक्षा फलक, कागद आणि पेज यांवरील नाव एक करून पुन्हा अर्ज करणे केव्हाही स्वस्त पडते.