अक्षरांची बचत, पत्त्यांचा खर्च

ट्राय वापरला की मेमरी वाचते, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. पाठ्यपुस्तकातली आकृती डोळ्यांपुढे असायची. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरासाठी’ हे चार शब्द वेगवेगळे लिहिले तर ‘घर’ चारदा लिहावं लागतं, आणि ट्रायमध्ये ते एकदाच येतं. मग ‘रा’नंतर फांद्या फुटतात. दिसायलाच काटकसरीचं. त्यामुळे मराठी शब्दकोशाच्या शोधपेटीसाठी शब्दपूर्ती लिहायचं काम आलं तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. जावामध्ये हा नोड लिहिला:

```java
class Node {
    HashMap<Character, Node> next = new HashMap<>();
    boolean isWord;
}
```

चाचणीसाठी इंग्रजी शब्दांची यादी हाताशी होती, तिच्यावर सगळं सुरळीत चाललं. खरी मराठी यादी चढवली आणि छोट्या सर्व्हरचा हीप भरून गेला. मी आधी यादीवर संशय घेतला, मग डेटाबेसच्या जोडणीवर. शेवटी एका सहकारी बाईंनी विचारलं, “अरे, एक नोड किती बाइटचा आहे ते मोजलंस का?” मोजलं नव्हतं. मी अक्षरं मोजली होती.

तो हिशेब असा. चौसष्ट-बिटी जावामध्ये, पॉइंटर चार बाइटांत दाबून ठेवण्याची नेहमीची सोय चालू असताना, माझा `Node` २४ बाइट घेतो. त्याच्या आतला `HashMap` ४८ बाइट. त्यात पहिलं मूल टाकलं की सोळा खणांचा तक्ता तयार होतो, त्याचे ८० बाइट. त्या मुलाची नोंद ३२ बाइटांची, आणि तिची चावी, म्हणजे `Character` ही वस्तू, १६ बाइटांची. एकूण २०० बाइट, आणि हे सगळं एक वेलांटी साठवायला.

यादीत दोन लाख शब्द आणि शब्दामागे सरासरी आठ कोडपॉइंट धरा; आमची यादी याहून फार वेगळी नव्हती. सोळा लाख अक्षरं होतात. सामाईक सुरुवाती एकत्र आल्यावर समजा सहा लाख नोड उरले. बचत दणदणीत दिसते, जवळजवळ दोन-तृतीयांश अक्षरं गळली. पण शेंड्याच्या नोडांना तक्ता लागत नाही ही सूट धरूनही ट्राय ११० एमबीच्या आसपास जातो. तेच शब्द सरळ `HashSet<String>` मध्ये टाकले तर? `String` चे २४ बाइट, आतल्या बाइट-अ‍ॅरेचे ३२, नोंदीचे ३२ आणि तक्त्यातला वाटा दहाएक बाइट. शब्दामागे शंभराच्या आत. दोन लाखांना सुमारे २० एमबी. ज्याला मी उधळ्या म्हणत होतो, तो माझ्या काटकसरी झाडाच्या पाचव्या हिश्श्यात बसत होता.

आकृती खोटी नव्हती, पण ती झाडाचा बुंधाच दाखवत होती. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं हजारो शब्दांना सामाईक असतात, मात्र तिथे नोडच थोडे असतात. बहुतेक नोड खाली शेपटांमध्ये असतात, आणि तिथे एका नोडला एकच मूल, त्याला पुन्हा एकच, अशी लांबलचक रांग लागते. तिथे वाटून घ्यायला कोणी नसतं आणि प्रत्येक अक्षरामागे पूर्ण संसार मांडावा लागतो.

इंग्रजी यादीनं हे का लपवलं, त्याचं एक कारणही नंतर कळलं. जावा ० ते १२७ पर्यंतच्या `Character` वस्तू एकदाच बनवून ठेवते आणि त्याच परत परत देते. देवनागरीचा विभाग U+0900 पासून सुरू होतो, त्यामुळे तिथे प्रत्येक चावीसाठी नवी वस्तू बनते. `jmap -histo` चालवलं असतं तर पहिल्याच पडद्यावर दिसलं असतं: `java.util.HashMap$Node` आणि `java.lang.Character` लाखोंच्या संख्येनं यादीच्या डोक्यावर बसलेले. इंग्रजी शब्दांच्या चाचणीत `Character` ची ती ओळ नावापुरतीच, पार खाली असती.

यावर मी जो उपाय केला तो आजाराहून वाईट होता. हॅशमॅप जड आहे ना, मग सरळ अ‍ॅरे घेऊ. देवनागरीच्या विभागात U+0900 ते U+097F असे बरोबर १२८ कोड आहेत. प्रत्येक नोडमध्ये १२८ खण ठेवले की कोडमधून 0x0900 वजा करून थेट खणात हात घालता येतो. वेग उत्तम. पण असा अ‍ॅरे ५२८ बाइटांचा होतो, आणि नोडाचे स्वतःचे २४ धरून सहा लाख नोडांचे ३३० एमबी. कागदावर एक ओळ लिहिली असती तरी हे टळलं असतं: झाडात जितके नोड, त्याहून एकच कमी फांदी. म्हणजे नोडमागे सरासरी एक मूल, आणि १२८ पैकी १२७ खण कायमचे रिकामे.

शिवाय तो कोड कोसळला. जुन्या पद्धतीनं टंकलेल्या मजकुरात ‘दर्‍या’, ‘सुर्‍या’ अशा शब्दांतल्या अर्ध्या र साठी र, हलन्त आणि मग U+200D हा न दिसणारा जोडक असतो. त्यातून 0x0900 वजा केले की १२८ खणांच्या पार बाहेर. नवीन पद्धतीत तिथे ऱ असतो, तो विभागाच्या आतच आहे. सगळी यादी एकाच रूपात आणणं हे काम मी ट्राय लिहिण्याआधी करायला हवं होतं. नाहीतर डोळ्यांना एकच दिसणारा शब्द झाडात दोन ठिकाणी उगवतो आणि सूचनांमध्ये जुळ्यासारखा दोनदा येतो.

मग वैतागून सगळं काढलं आणि `HashSet` आणला. मेमरीची तक्रार मिटली. पण हॅश सेट एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हा शब्द यादीत आहे का? ‘घरा’ने सुरू होणारे कोणते, हे त्याला विचारता येत नाही, कारण हॅशचं कामच शेजारच्या शब्दांना लांब विखरून टाकण्याचं. प्रत्येक कळीमागे दोन लाख शब्द चाळावे लागतात. मी एकटा टंकत होतो तेव्हा ते खपलं, अनेकजण एकदम टंकू लागल्यावर नाही.

तेव्हा मला वाटलं, प्रत्येक शब्दाच्या सगळ्या सुरुवाती चाव्या म्हणून हॅशमॅपमध्ये ठेवू आणि प्रत्येकीपुढे तयार सूचना लावून देऊ. एकाच शोधात उत्तर. हे चालतं, आणि खूप वेगानं चालतं. फक्त वेगवेगळ्या सुरुवाती किती होतात? बरोबर ट्रायच्या नोडांइतक्या. सहा लाख चाव्या, प्रत्येक स्वतंत्र `String`, सुमारे ५७ एमबी. दहा-दहा सूचनांचे क्रमांक जोडले की ९० च्या घरात. मी ट्रायच पुन्हा बांधला होता, फक्त फांद्या तोडून.

खरी सुटका १९५९ सालच्या कल्पनेत होती. त्या वर्षी रने द ला ब्रियांदे यांनी मांडलेल्या रचनेत प्रत्येक नोड फक्त दोन पत्ते ठेवतो: पहिलं मूल आणि पुढचं भावंड. १९६० मध्ये एडवर्ड फ्रेडकिन यांनी अशा झाडाला ट्राय हे नाव दिलं. मी नोडाच्या वस्तूच काढून टाकल्या आणि चार लांब अ‍ॅरे घेतले: अक्षरासाठी एक बाइट, पहिल्या मुलाच्या क्रमांकाचे चार, पुढच्या भावंडाच्या क्रमांकाचे चार, आणि शब्द किती वेळा वापरला जातो याचे चार, तिथे शब्द संपत नसेल तर शून्य. नोडमागे तेरा बाइट. सहा लाख नोडांचे ७.८ एमबी. झाड तेच, नोड तेवढेच, फांद्या त्याच. ११० एमबी होते तिथे आता आठसुद्धा नव्हते, आणि हॅश सेटचे २० एमबीही मागे पडले. किंमत एवढीच, की योग्य मूल शोधायला भावंडांच्या रांगेतून चालावं लागतं, आणि शब्द काढून टाकणं किचकट होतं. मुळाशी ही रांग पन्नासेक भावंडांची असते, दोन पावलं खाली गेलं की दोन-चारांची.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मराठीत शब्दांच्या शेपट्याही सारख्याच असतात. -ला, -चा, -साठी, -पासून हजारो नामांना लागतात. त्या शेपट्याही एकत्र केल्या तर झाडाचं जाळं होतं आणि नोड आणखी कमी होतात. मी ते केलं. नोड खरंच पुष्कळ घटले. आणि सूचनांचा क्रम बिघडला: ‘मा’ टंकलं की ‘माळेला’ अचानक अगदी वर.

कारण माझ्याच रचनेत होतं. वापराचा आकडा नोडमध्ये होता, आणि ‘शाळेला’ व ‘माळेला’ यांचा शेवटचा नोड आता एकच झाला होता. किंबहुना ज्या शब्दांपुढे काहीच वाढत नाही असे सगळेच शब्द त्या एकाच नोडवर संपत होते. शेवटी लिहिला गेलेला आकडा सगळ्यांचा. ट्रायमध्ये नोड म्हणजे एक ठरावीक सुरुवात. शेपट्या जोडल्या की ती ओळख जाते.

यावर जुना तोडगा आहे. प्रत्येक नोडवर तिथून किती शब्द पुरे होतात तो आकडा ठेवायचा, आणि चालताना मागे टाकलेल्या फांद्यांचे आकडे मिळवत जायचे. ‘माळ, माळेला, शाळा, शाळेला’ एवढीच यादी घ्या. ‘शाळेला’कडे जाताना मुळाशी म ची फांदी सोडली, तिच्यात दोन शब्द. पुढे ‘शाळ’पाशी काना सोडला, तिथे एक. बेरीज तीन, शून्यापासून मोजलं तर ‘शाळेला’चा क्रमांक तीनच. ‘माळेला’कडे जाताना वाटेत ‘माळ’ हा पुरा शब्द लागतो, म्हणून त्याचा क्रमांक एक. या क्रमांकानं वेगळ्या अ‍ॅरेतून वापराचा आकडा उचलायचा.

ते नीट चाललं, तरी मी जाळं मागे घेतलं. शब्दपूर्तीला पहिले दहा शब्द झटकन हवे असतात, आणि त्यासाठी प्रत्येक नोडवर ‘याच्याखालचा सर्वांत मोठा आकडा’ लिहून ठेवला तर कोणत्या फांदीत आधी उतरायचं ते कळतं. जाळ्यात एका नोडखाली ‘शाळे’चेही शब्द आणि ‘माळे’चेही, मग तो आकडा कोणाचा धरायचा? साध्या ट्रायमध्ये हा पाचवा अ‍ॅरे आणखी २.४ एमबी घेतो, एकूण १०.२. शब्द यादीत आहे का हा प्रश्नही त्यालाच विचारता येतो. तरीही शुद्धलेखन तपासणीसाठी तो २० एमबीचा हॅश सेट मी कित्येक महिने शेजारी तसाच चालू ठेवला होता. काढला तेव्हा तपासणीच्या वेगात कुणाला फरक जाणवला नाही.