एका विहिरीचा जमाखर्च

वसईचा वारसा म्हटला की १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्लाच आधी आठवतो. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तेथे वर्गणी काढून दगड बसवण्याची मुभा कुणालाच नाही. आम्हांला बोलायचे आहे ते आमच्या आळीतल्या, कुठल्याही यादीत नसलेल्या विहिरीविषयी. एके काळी तिच्या रहाटाने केळीची वाडी भिजत असे. घरोघरी नळ आल्यावर ती ओस पडली, आणि आता तिच्या बांधणीतले पूर्वेकडचे दगड आत झुकले आहेत.

कारण साधे आहे. मागे कधीतरी दगडांचे सांधे सिमेंटने लिंपले गेले. भिंतीमागचे पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू पाझरून विहिरीत उतरे. ती वाट बुजल्यावर ते मागे तुंबते आणि भिंत पुढे ढकलते. म्हणून सिमेंट खरवडून काढणे, सुटलेले दगड पुन्हा बसवणे आणि सांधे चुन्यात भरणे, एवढेच काम आम्ही योजले आहे. चुना ओलाव्यातही घट्ट व्हावा म्हणून त्यात विटांची सुरखी मिसळावी लागते. वाळू मात्र समुद्रकाठची चालत नाही, कारण तिच्यातले मीठ पुढे सांधा फोडते.

निधी केव्हा जमवावा, हेही विहिरीनेच ठरवले. पाणी सर्वांत खाली जाते ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि जूनच्या आत चुना आवळायला हवा. चुना आधी काही आठवडे भिजत ठेवावा लागतो. म्हणजे पहिला खर्च जानेवारीत येतो. वर्गणी त्यामुळे दिवाळीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपेल. शिवाय झुकलेल्या भिंतीला विहिरीतल्या पाण्याचाही आधार असतो. ते उपसून मग पैशासाठी थांबलो, तर भिंत कोसळू शकते. तेव्हा गाळ, गवंडीकाम आणि साहित्य यांची पूर्ण रक्कम खात्यात जमल्याशिवाय उपसा करायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

अंदाज दोन लाखांचा आहे: उपसा व गाळ तीस हजार, चुना-सुरखी-वाळू पंचेचाळीस हजार, गवंडी व मजूर पंच्याहत्तर हजार, तोंडावरची लोखंडी जाळी वीस हजार, आणि अनपेक्षितासाठी तीस हजार. घरे ऐंशी; सरासरी अडीच हजार पडतात. पण एका घराकडून पाच हजारांहून अधिक घ्यायचे नाहीत. जुन्या वाडीवाल्यांनी आणि नव्या इमारतींतल्या बिऱ्हाडांनी एकाच विहिरीला आपली म्हणावे असे वाटत असेल, तर तिच्यावर कुणा एकाच्या नावाची पाटी लागता कामा नये.

पैशाला हात लावण्याआधी दोन कागद हवेत. सातबाऱ्यावरील मालकांची लेखी संमती, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी. विहीर किल्ल्यापासून किती दूर आहे तेही आधी मोजायचे. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत आणि त्यापुढील दोनशे मीटरांत दुरुस्तीलाही परवानगी लागते.

स्वयंसेवकांची कामे आम्ही मुद्दाम तोडून वाटली आहेत. जो वर्गणी घेतो तो वही लिहीत नाही. जो वही लिहितो तो खरेदी करत नाही. धनादेशावर सह्या दोघांच्या, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. पावत्यांना छापील क्रमांक असतील, आणि रद्द झालेली पावती फाडून न टाकता पुस्तकातच राहील. एकजण रोज मजुरांची हजेरी घेईल, दुसरा दगड काढण्यापूर्वी त्यावर क्रमांक घालून छायाचित्र ठेवील. विहिरीत मात्र फक्त गवंडी आणि त्याची माणसे उतरतील.

दर रविवारी आळीच्या तोंडाशी फळा लागेल. समजा, एका रविवारी आरंभीची शिल्लक ६२,५०० रुपये, जमा १८,०००, चुन्याचा खर्च १२,०००, अखेर ६८,५००. त्याखाली आणखी एक ओळ: बँकेत ६७,०००, हातात १,५००. ही शेवटची ओळच महत्त्वाची. बेरीज जुळवणे कुणालाही जमते. पैसा आहे कुठे, हे सांगणे अवघड असते. हातातली रक्कम आठवड्यामागून आठवडा फुगू लागली, मजुरीचा आकडा हजेरीशी जुळेना, किंवा लागोपाठ दोन रविवार फळा कोरा राहिला, की काम थांबवून वही सर्वांसमोर उघडायची, असे आम्ही आधीच लिहून ठेवले आहे. हे अविश्वासापोटी नाही. आम्ही सारे शेजारी आहोत. संशय आला तरी एकमेकांना तोंडावर विचारणे आम्हांला जड जाते. तो प्रश्न फळ्याने विचारावा.

उरलेला पैसा मेजवानीत जायचा नाही. एका पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, सांधे पुन्हा तपासायचे आहेत. शिल्लक त्या दिवसासाठी खात्यात राहील, आणि तोवर फळाही उतरणार नाही.