‘ब्रह्मचारी’आधीची पाच मिनिटे

राजाभाऊ यांस,


खामगावच्या घरी रविवारी दुपारी शेजाऱ्यांना बोलावून ‘ब्रह्मचारी’ दाखविण्याचा आपला बेत वाचून येथे सर्वांना आनंद झाला. परंतु निमंत्रणाच्या मसुद्यातील ‘प्रास्ताविक : अर्धा तास’ ही ओळ दिसताच त्या आनंदाची जागा काळजीने घेतली. गणेशोत्सवातील आपल्या लांबलेल्या व्याख्यानानंतर सतरंजीवर किती माणसे उरली होती, हे आपण इतक्या लवकर विसरावे, याचे नवल वाटते.

आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३८ चा आहे. त्यातील विनोद समजण्यास अत्र्यांचे चरित्र लागत नाही, त्या काळाची एकच गोष्ट लागते. ब्रह्मचर्य, म्हणजे स्त्रीसंगापासून दूर राहण्याचे व्रत, हे तेव्हा केवळ धार्मिक आचरण राहिले नव्हते. व्यायाम आणि देशसेवा यांच्याशी त्याची सांगड घातली जाई व तरुणांना त्याचा उपदेश व्याख्यानांतून होई. हे ठाऊक असले, म्हणजे एका भाषणाने भारावलेला नायक औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देऊन ब्रह्मचर्य पाळणाऱ्यांच्या संस्थेत दाखल होतो, तेव्हा हसू त्याच्या भाबडेपणाइतकेच त्या भाषणबाजीलाही येते. ठाऊक नसले, तर पडद्यावर फक्त एक खुळा मुलगा दिसतो. एवढे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. नायिका किशोरी आल्यावर त्या निश्चयाचे काय होते, हे मात्र प्रास्ताविकात मुळीच फोडू नये, आणि किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा उठलेल्या गदारोळाची हकिगत नंतरच्या गप्पांसाठी राखावी. ती आधी सांगितली, तर प्रेक्षक तेवढ्याच प्रसंगाची वाट पाहत बसतील.

दुसरी काळजी चित्राच्या चौकटीची आहे. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, अशा प्रमाणाची असते. आजचे पडदे आडवे असल्याने यंत्र कधीकधी ते चित्र ताणून बसविते आणि विनायकांचा सडपातळ औदुंबर गुबगुबीत होतो. गोल वस्तू लंबगोल दिसू लागली, की चित्र ताणले गेले आहे असे समजावे, आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी मूळ प्रमाणच ठेवावे. पश्चिमेच्या खिडकीला जाड चादर लावणे आपल्याकडील उन्हात अटळ आहे, परंतु मग पंखे वेगाने लावावे लागतात व त्यांच्या घरघरीत जुना, खरखरता ध्वनी बुडतो; शिवाय घोळक्यात एका विनोदावरचे हसू पुढचे वाक्य गिळून टाकते. म्हणून घरी एकट्याने पाहताना ठेवावा त्याहून आवाज थोडा मोठा असावा आणि कमी ऐकू येणाऱ्या मावशींना स्पीकरजवळ बसवावे. चित्रपट चालू असताना चहा फिरविल्यास कपबशांचा खणखणाट त्यात भर घालील, तेव्हा तो मध्यंतरातच द्यावा.

मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी ‘अर्धा तास’ खोडून ‘पाच मिनिटे’ करावे, ही आग्रहाची विनंती.