०.१५ ची पट्टी

चाकणच्या एका कारखान्यात मी चार वर्षं बॉडी शॉपला होतो. कंत्राटी. काम एकच, स्पॉट गन. गाडीच्या पत्र्याचे दोन तुकडे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबून धरायचे आणि बटण दाबायचं. आठ-दहा हजार अँपिअरचा करंट सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा वेळ जातो, आणि दोन पत्रे आतून एक होतात. आता भोसरीत एका छोट्या दुकानात लिथियम बॅटऱ्या बांधतो, दुरुस्त करतो. इथंही स्पॉटच मारायचे, फक्त पत्र्याच्या जागी निकेलची पातळ पट्टी आणि खाली बोटाएवढा १८६५० सेल.

एक फरक मात्र पहिल्या दिवशीच जाणवतो. गाडीच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी धरता येतं. सेलच्या आतून कोण धरणार? म्हणून इथं दोन्ही टोकं वरूनच, शेजारी-शेजारी टेकवतात. करंट एका टोकातून पट्टीत, तिथून सेलच्या डब्यात आणि परत दुसऱ्या टोकात असा जावा लागतो. तो आळशी असतो, डब्यात न उतरता पट्टीतूनच सरळ पलीकडे जायला बघतो. त्यासाठी चांगल्या पट्टीत दोन टोकांच्या मधोमध एक चीर ठेवलेली असते. चीर आली की त्याला खाली उतरावंच लागतं.

आता निकेलच का, तांबं का नाही, हे नवीन पोरं नेहमी विचारतात. तांबं तर चौपट चांगलं वाहक. पण नेमकं म्हणूनच ते वेल्ड होत नाही. उष्णता तिथंच तयार होते जिथं करंटला अडथळा आहे. निकेल थोडं अडवतं, डब्याचं पोलाद त्याहून जास्त अडवतं, दोघं टेकतात तिथं सगळ्यात जास्त. त्या ठिपक्याएवढ्या जागेत धातू वितळतो आणि पाच-दहा मिलिसेकंदांत खेळ संपतो. उष्णता आत पोचायच्या आधीच बंद. स्पॉट गनची टोकं तांब्याची असतात तीही याच कारणानं, ती स्वतः वितळू नयेत म्हणून.

पण ज्या अडथळ्यामुळे पट्टी चिकटते, तोच अडथळा पुढे रोज गाडी चालताना पट्टीत राहतो. तो कुठं जात नाही.

मागच्या पावसाळ्यात जेवणाच्या ऑर्डर पोचवणारा एक मुलगा इ-सायकलचा पॅक घेऊन आला. चढावर गाडी बंद पडते म्हणाला. "दादा, वायर सुटली असेल, डाग देऊन द्या ना फक्त. संध्याकाळचा टाइम चुकला तर दिवस गेला माझा." वरची प्लॅस्टिकची स्लीव्ह पॉझिटिव्ह वायरच्या बाजूला तपकिरी पडली होती.

पॅक ४८ व्होल्टचा. चार-चार सेल समांतर, असे तेरा गट एकापुढे एक. बारा गट मूळचे, स्पॉट मारलेले. शेवटच्या गटावर मात्र आधी कुणीतरी काम केलेलं. चारही सेलवर पट्टीला सोल्डरचे फुगीर गोळे. बाकी गट ३.९२ व्होल्टच्या आसपास, हा एकटा ३.७१ वर.

सोल्डरचं दुखणं असं आहे. सेलचा डबा पोलादाचा, जड. लोखंडी टोक साडेतीनशे अंशांवर असलं तरी डबा उष्णता ओढत राहतो, म्हणून सोल्डर पसरायला काही सेकंद टेकवून धरावंच लागतं. आतला सेपरेटर म्हणजे दोन पत्र्यांमधला प्लॅस्टिकचा पडदा. पॉलिथिलीनचा असेल तर १३० अंशांच्या पुढे वितळतो. त्याला भोक पडायची गरज नाही, एका कोपऱ्यात आकसला तरी सेल आतल्या आत हळूहळू गळायला लागतो. बाहेरून काहीही दिसत नाही. पॉझिटिव्ह टोकाला तर आत सील आणि दाब सोडायची झडप बसलेली असते. वर खड्ड्यांमधून गाडी आपटत गेली की ते गोळे तडकतात, ती वेगळी कथा.

पण स्लीव्ह तपकिरी झाली ती सोल्डरनं नाही, पट्टीनं. पट्टी आठ मिमी रुंद, ०.१५ मिमी जाड, म्हणजे आडवा छेद १.२ चौरस मिमी. एवढ्या निकेलवर आम्ही सात अँपिअरच्या वर जात नाही. ०.१ ची असेल तर पाच. या सायकलचा कंट्रोलर २० अँपिअरपर्यंत ओढतो. मधल्या गटांत काळजी नाही, तिथं चार सेलवरून चार पट्ट्या पुढच्या गटात जातात, प्रत्येकीच्या वाट्याला पाच. शेवटच्या गटावर मात्र एकच पट्टी चार सेलवरून आडवी नेऊन तिच्या एका टोकाला वायर लावलेली. पहिल्या सेलनंतर पट्टीत पाच अँपिअर, दुसऱ्यानंतर दहा, मग पंधरा, आणि वायरजवळच्या तुकड्यात पूर्ण वीस.

करंट चौपट झाला की उष्णता सोळापट होते. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात पाच अँपिअरला ०.०३ वॉट, वीसला जवळजवळ अर्धा वॉट. अर्धा वॉट ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो टेपखाली, स्लीव्हखाली, सेलच्या डोक्यावर कोंडलेला असतो. आणि पॉझिटिव्ह टोकाची कड हा खरं तर निगेटिव्ह डबाच असतो, मधे फक्त पातळ प्लॅस्टिक. ते मऊ पडलं आणि पट्टी कडेला टेकली की शॉर्ट. म्हणून त्या टोकाला बार्ली पेपरची चकती लागते. इथं चकती नव्हती.

मालकांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी पॅक उलटा-सुलटा केला. "नुसता डाग देऊन पाठवायचा असेल तर दुसरीकडे ने, बाळा. मी नाही देणार." मुलगा चिडला, दुसऱ्या दुकानाचं नावही घेतलं. शेवटी मामांनी दुकानातला एक जुना पॅक त्याला रात्रीपुरता दिला आणि तो गेला.

चार नवे सेल जुन्या अठ्ठेचाळिसांच्या शेजारी बसवून चालत नाही, म्हणून तेवढीच क्षमता उरलेले वापरलेले चार मोजून काढले. चकत्या लावल्या. पट्टीचे दोन थर दिले, आणि वायर टोकाला न घेता मधोमध घेतली. आता दोन्ही बाजूंनी जास्तीत जास्त दहाच अँपिअर येतात, तेही दोन थरांत वाटून. उष्णता आठव्या हिश्शावर. वायरला सोल्डर लागतंच, पण ते तीन थरांच्या आखूड शेपटीवर, सेलपासून लांब, टेबलावर आधी मारून घेतलं. थंड झाल्यावर शेपटीला स्पॉट. आधी भंगार सेलवर एक तुकडा मारून पकडीनं उपटला. पट्टी फाटून तिचे ठिपके सेलवर राहिले तर वेल्ड खरा, अख्खी सुटून आली तर खोटा. बॉडी शॉपमध्ये हेच छिन्नी घालून बघायचो.

काढलेले चार सेल ४.१ व्होल्टपर्यंत चार्ज करून सुटे ठेवले. आठ दिवसांनी तीन ४.०८ च्या वर होते. वायरजवळचा ३.८.

त्याची जुनी पट्टीही मोजली. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद दिसायला तसंच असतं, आणि चुंबक दोघांनाही चिकटतो, त्यामुळे चुंबकावर जाऊ नका. दहा सेंटिमीटरवर दोन खुणा करून पट्टीतून पाच अँपिअर सोडायचे आणि खुणांमध्ये मिलिव्होल्ट बघायचे. या मापाचं शुद्ध निकेल तीसच्या जरा खाली दाखवतं. तिनं एकसष्ट दाखवले. म्हणजे वर काढलेला सगळा हिशोब तिच्यासाठी दुप्पट धरायचा. मामांनी कपाटातले आमचे तीन रोलही तिथंच मोजायला लावले. दोन एकोणतीसवर आले. तिसरा सत्तावन्नवर, तो दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडे परत गेला.