सायंकाळची लहान धाव

गेली सहा वर्षे मी पहाटे धावतो. पेढी उघडण्यापूर्वी जेमतेम तासभर हाती असतो. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी प्रत्येकी ७ किलोमीटर, रविवारी १२, असे आठवड्याचे ४० किलोमीटर होत. अर्धमॅरेथॉनसाठी हे अंतर वाढवायचे ठरले, तेव्हा पहाटेची धाव न लांबवता मी दुसरी, लहान धाव जोडली.

थकल्यावर पाऊल जड पडते आणि नडगी व टाच यांवर आघात वाढतो. सकाळच्या सातला जोडलेले तीन किलोमीटर नेमके याच अवस्थेत धावावे लागतात. तेच अंतर नऊ-दहा तासांच्या विश्रांतीनंतर ताज्या पायांनी होते.

ही धाव मी मंगळवारी आणि शुक्रवारी ठेवली, कारण त्यानंतरचे दोन्ही दिवस विश्रांतीचे. मोकळ्या वारी ती घालण्याचा मोह होतो खरा, पण मग हाडांना सावरायला दिवसच उरत नाही. पहिले दोन आठवडे केवळ मंगळवारी ३ किलोमीटर, म्हणजे एकूण ४३. पुढचे दोन आठवडे शुक्रवारीही ३, एकूण ४६. पाचव्या आठवड्यात पुन्हा ४०, आणि त्यानंतर दोन्ही सायंकाळी ४ याप्रमाणे ४८. वेग सकाळपेक्षा किलोमीटरला मिनिटभर कमी; सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.

वेळेचा प्रश्न आपल्या घरांत निराळाच असतो. चौविहार पाळणाऱ्याने दुकान वाढवून रात्री आठला धावायचे म्हटले, तर घाम गेल्यावर सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. म्हणून मी साडेचारला निघतो, पाचपूर्वी परततो आणि सूर्यास्ताआधी पाणी पिऊन, भाकरी व मुगाची आमटी जेवून घेतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पुतण्याला अर्धा तास आधी गल्ल्यावर बसावे लागते. त्याची कुरकुर मी ऐकून घेतो! उपवास वा एकासण्याच्या दिवशी दुसरी धाव नाहीच.

जागे होताच, अंथरुणातच मी नाडी मोजतो. एरवी ती ५८ असते. सलग दोन सकाळी ती सहा-सात ठोक्यांनी अधिक भरली, तर त्या आठवड्यातील सायंकाळची धाव रद्द. पोटरीतली पसरट ठणक चालल्यावर ओसरत असेल तर चिंता नसावी. परंतु नडगीच्या हाडावर एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो.

रविवारच्या लांब धावेची जागा मात्र ही लहान धाव घेऊ शकत नाही. सलग दीड तास पायांवर राहण्याची सवय दोन तुकड्यांतून येत नाही. आणि जो आठवड्यातून तीनच दिवस धावतो, त्याने आधी चौथा दिवस जोडावा.

सातव्या आठवड्यात लग्नसराईची धावपळ होती. गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी नाडी ६५ भरली. शुक्रवारची सायंकाळ मी पेढीवरच काढली, आणि वहीत त्या आठवड्याचे ४४ किलोमीटर मांडले.